पॅरासिटामॉलला मराठी नाव शोधू नकोस

रुग्णांसाठीच्या औषध-पत्रकाच्या मराठी भाषांतराचा तुझा मसुदा वाचला. पॅरासिटामॉलला पहिल्या पानावर 'ज्वरशामक', तिसऱ्यावर 'वेदनाशामक', आणि कडेला पेन्सिलीने प्रश्न: "सर, नाव मराठीत करू की तसंच ठेवू?"

तसंच ठेव. अगं, ज्वरशामक हे नावच नाही, तो गट आहे. आयबुप्रोफेननेही ताप उतरतो.

पत्रकातलं एकच वाक्य घे: "पॅरासिटामॉल असलेलं दुसरं औषध सोबत घेऊ नका." परळमध्ये कुणाला ताप आलाय. तो दिवसातून चार वेळा डोलो ६५० घेतो, म्हणजे २,६०० मिलिग्रॅम. सर्दीही आहे, म्हणून केमिस्टकडून आणखी एक गोळी आणतो. तिच्यात पॅरासिटामॉल ५०० आहे आणि तो ती तीनदा घेतो. एकूण झाले ४,१००. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००. त्याच्या लेखी एक गोळी तापाची, दुसरी सर्दीची. इजा यकृताला होते आणि सुरुवातीला फारसं काही जाणवतही नाही. त्याला सावध करणारी गोष्ट एकच: दोन्ही पाकिटांवर छापलेलं तेच नाव. पाकिटावर ज्वरशामक कुठे लिहिलेलं असतं? आणि तू नुसतं 'डोलो' लिहिलंस, तर सर्दीची गोळी निसटली.

पाकिटावर जे नाव, तेच पत्रकात. ब्रँडलाही हाच नियम.

पण पाकिटावरची अक्षरं रोमन असतात, म्हणून नाव पहिल्यांदा येईल तिथे देवनागरीशेजारी रोमन स्पेलिंगही छाप. ज्याला ते वाचता येत नाही, तो मुलीला किंवा केमिस्टला दाखवून जुळवून घेईल. देवनागरी रूप मात्र एकच ठरव. पुढच्या पानावर 'पॅरासिटेमॉल' झालं, की वाचणाऱ्याला ते दुसरंच औषध वाटतं. २०१८ पासून मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या टाइपात छापावं लागतं, पण तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणाला त्यातून सूट आहे, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्या नेमक्या तशाच. तेव्हा "पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा" हे वाक्य घालच.

भाषांतर कर ते औषधाच्या कामाचं: 'ताप आणि दुखणं कमी करणारं औषध'. तिथे तुझं सगळं मराठी खर्च कर. लोहाच्या गोळ्यांना लोहच म्हण. तो शब्द दवाखान्यात रुळलेला आहे.

एका कंपनीच्या तपासनिसाने माझ्याकडे 'शुद्ध मराठी' नावांचा आग्रह धरला होता. मी नाही म्हणालो, काम गेलं. पैशांची चणचण होती, त्यामुळे घरीही बोलणी खाल्ली. आजही मी नाहीच म्हणेन. मराठीवर माझं प्रेम कमी आहे असं कुणी म्हणालं की चिडतो मी. प्रेमापोटीच तर सांगतोय, पाकिटावर जे नाव, तेच पत्रकात!

आता यादी कर: रोमन नाव, ठरलेलं देवनागरी रूप, काम. यादी आधी केमिस्टला दाखव, मग मला पाठव.