शेअर वाढला, तरी कॅन्डल लाल का?

प्रश्न: शेअर १.२ टक्के वाढला असं ॲप दाखवतंय, पण चार्टवर त्याच दिवसाची कॅन्डल लाल आहे. चार्ट चुकतोय का? ओपन, हाय, लो, क्लोज यातून त्या दिवसाबद्दल नेमकं काय कळतं?

चार्ट बरोबर आहे आणि ॲपही. दोघांची तुलना वेगळी आहे, एवढंच. ॲपमधली टक्केवारी कालच्या क्लोजपासून मोजतात. नेहमीच्या कॅन्डलचा रंग मात्र आजच्या ओपन आणि आजच्या क्लोजवरून ठरतो. काल काय झालं याच्याशी त्या रंगाचा संबंध नसतो.

आकडे घेऊन पाहू. समजा, कालचा क्लोज ५०० रुपये. आज ओपन ५१२, हाय ५१४, लो ४९८ आणि क्लोज ५०६. कालच्या तुलनेत सहा रुपये जास्त, म्हणजे तुमचे १.२ टक्के. पण दिवस ५१२ ला सुरू होऊन ५०६ ला संपला, म्हणून बॉडी, म्हणजे ओपन ते क्लोजमधला जाड भाग, लाल आणि सहा रुपयांची. वरची विक, म्हणजे बॉडीबाहेरची बारीक रेघ, ५१२ ते ५१४, दोनच रुपयांची. खालची विक ५०६ ते ४९८, आठ रुपयांची.

आता वाचायचं कसं? एनएसईवर सकाळी ९ ते ९.१५ प्री-ओपन सत्र असतं. त्यात साधारण पहिली आठ मिनिटं ऑर्डर गोळा होतात आणि ज्या भावाला सर्वांत जास्त शेअर्सचा सौदा जुळतो, तो ओपन ठरतो. म्हणजे रात्रीतून आलेल्या बातमीवर लोकांनी लावलेली ही पहिली किंमत. आपल्या उदाहरणात ती बारा रुपये वर लागली, पण त्याच्या वर भाव जेमतेम दोनच रुपये चढला. दिवसभरात भाव कालच्या क्लोजच्याही खाली, ४९८ पर्यंत आला, तिथे खरेदीदार मिळाले आणि आठ रुपये परत मिळाले. दिवसाचा पूर्ण पट्टा सोळा रुपयांचा (५१४ वजा ४९८) आणि क्लोज त्याच्या बरोबर मध्यावर. मी आधी हेच बघतो: क्लोज पट्ट्यात कुठे आहे. तो हायजवळ असेल तर खरेदीदारांनी शेवटपर्यंत जोर टिकवला, लोजवळ असेल तर विकणाऱ्यांनी. इथे निकाल लागलेला नाही, मग रंग लाल असो की हिरवा.

लांब खालची विक दिसली की लगेच ‘हॅमर, आता वर जाणार’ म्हणणाऱ्यांची कमी नाही. पण हॅमरमध्ये बॉडी पट्ट्याच्या वरच्या टोकाला हवी, खालची विक बॉडीच्या निदान दुप्पट हवी आणि आधी भाव घसरत आलेला हवा. आपली विक आठची, बॉडी सहाची, दुप्पट झालीच नाही.

कॅन्डल एक गोष्ट मात्र अजिबात सांगत नाही: हाय आधी लागला की लो. भाव ५१२ वरून ५१४ ला जाऊन मग ४९८ ला पडला असेल. किंवा आधी ४९८ ला आपटून, पुन्हा ५१४ पर्यंत चढून, शेवटी ५०६ ला आला असेल. दोन्ही दिवस वेगळे, कॅन्डल एकच. कोणी ५१२ ला घेऊन ५१४ चं टार्गेट आणि ५०० चा स्टॉपलॉस लावला असता, तर आधी काय लागलं हे डेली चार्टवरून ठरवता येत नाही. जुन्या चार्टवर हिशेब करून ‘माझी पद्धत चालते’ म्हणणारे इथेच फसतात. पंधरा मिनिटांचा चार्ट उघडा. ९.१५ ते ३.३० मध्ये अशा पंचवीस कॅन्डल बसतात, त्यात क्रम बहुतेक वेळा दिसतो.

क्लोजबद्दलही एक गोम आहे. एनएसईची वर्षानुवर्षांची पद्धत अशी की क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, तर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, किती शेअर्स झाले त्यानुसार काढलेली सरासरी. त्यामुळे ३.२९ ला स्क्रीनवर ५०९ दिसलं आणि क्लोज ५०६ आला, तर गडबडू नका. काही चार्ट शेवटचा सौदाच क्लोज धरतात, म्हणून दोन ॲपवर बॉडीची उंची थोडी वेगळी दिसू शकते. डोजीसारख्या कॅन्डलमध्ये, जिथे ओपन आणि क्लोज जवळपास सारखेच असतात, एवढ्या फरकाने रंगही उलटतो.

कमी उलाढालीच्या शेअरमध्ये विकवर फार भरवसा ठेवू नका. पाच-पन्नास शेअर्सचा एकच सौदा खाली झाला तरी तोच दिवसाचा लो. चार्टखाली दिसणारा व्हॉल्यूम आणि लहान टाइमफ्रेम दोन्ही बघा: त्या भावाला एकाच मिनिटात थोडेसेच शेअर्स झाले असतील, तर ती विक खरेदीदारांचा आधार दाखवत नाही, फक्त कोणाची तरी घाईची मार्केट ऑर्डर दाखवते.