भिंत कशाची, गिलावा कसा?

नागपूरला पश्चिमेच्या भिंतीसाठी पोकळ काँक्रीट ब्लॉक घेतोय. आत हवा असते, म्हणजे बेडरूम थंड राहील ना?

हवेचा फायदा होतो, पण समजतात तेवढा नाही. ब्लॉकच्या दोन तोंडांना जोडणाऱ्या काँक्रीटच्या पडद्यांतून उष्णता सरळ आत येते आणि पोकळीतली हवाही फिरत राहते. त्यामुळे ८ इंची पोकळ ब्लॉक आणि ९ इंची लाल वीट यांतून उष्णता साधारण सारखीच येते: दोन्ही बाजूंनी गिलावा धरून, एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे सुमारे २ वॅट. तुमची भिंत १० चौरस मीटर, ऊन धरून बाहेर ५० अंश आणि आत ३० अंश मानले, तर ४०० वॅट. हीच भिंत साडेचार इंची विटेची केलीत तर आकडा ५७५ च्या आसपास जातो. म्हणजे मालापेक्षा जाडी जास्त बोलते.

फरक पडतो तो वेळेत. ९ इंची भरीव वीट दुपारचा ताप झोपायच्या वेळी आत सोडते. पोकळ ब्लॉक हलका, म्हणून लवकर तापतो आणि लवकर निवतो. बेडरूमसाठी मी ब्लॉकच घेईन. फक्त गवंड्याला पोकळीत मसाला भरू देऊ नका, नाहीतर हवेचा होता तो फायदाही जाईल. बाहेरून पांढरा रंग द्या.

फ्लाय ॲशची वीट लाल विटेपेक्षा थंड असते का?

जाडी तीच असेल तर फरक नगण्य. निवड गिलाव्यावरून करा. लाल वीट वेडीवाकडी, त्यामुळे भिंतीच्या एका बाजूला गिलावा १५ ते २० मिमी चढतो. राखेची वीट मापात असल्याने आतून १२ मिमीत भागते. पण ती गुळगुळीत असते आणि अंगावर भुकटी असते. दरजा १० मिमी खरवडा, भिंत झाडा, सिमेंट-वाळूचा पातळ मारा करून खरबरीत करा, मगच गिलावा. वाळल्यावर ठोकून पाहा. बद आवाज आला तर तेवढा भाग सुटलाय.

ब्लॉकच्या भिंतीला गिलावा झाल्यावर महिन्यातच भेगा पडल्या. मिस्त्री सिमेंट कमी पडलं म्हणतो.

उलट जास्त सिमेंटचा गिलावाच अधिक आकसतो. आतून १:६ पुरे. आधी भेगेचा आकार पाहा. सांध्यांवरून पायऱ्यांसारखी गेली असेल, तर ब्लॉक ओला किंवा कच्चा लावला होता. लाल वीट भिजवूनच लावायची, पण ब्लॉक भिजवला तर वाळताना आकसतो. लावताना तोंडावर नुसता शिपका मारायचा. कॉलमच्या कडेने उभी भेग असेल, तर तिथे जाळी घातलेली नाही. दोन्ही बाजूंना १०० मिमी गिलावा काढा, कोंबडीजाळी ठोका आणि पुन्हा लावा. आकसण्याच्या भेगा मात्र भिंत एक उन्हाळा पूर्ण वाळल्यावरच भरा, आधी भरल्यात तर त्याच जागी परत उघडतील.