देवापुढे काय बोलू, सासूबाई तर आता नाहीत

"अक्का, आम्ही पाचोऱ्याकडचे. माझी पोर पुढच्या सोमवारी बंगलोरला पहिल्या नोकरीला निघतेय. घरातून कोणी लांब निघालं की आमच्या सासूबाई सगळ्यांना देवघरापुढे उभं करून आपल्या शब्दांत देवीशी बोलायच्या. मागच्या वर्षी त्या गेल्या, आता ते माझ्यावर आलंय. मला मंत्र येत नाहीत, आणि बोलायला गेले की रडूच येतं. पोर म्हणते, मम्मी ड्रामा नको. काय बोलू?"

ताई, मंत्र लागतच नाहीत हो. सासूबाई काय म्हणायच्या ते जरा आठवा, आधी देवीला हाक, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, मग पोराचं नाव आणि कुठं चाललंय ते, आणि शेवटी मागणं. एवढंच असतं, दोन मिनिटांचं. आणि घरात अहिराणी बोलत असाल तर देवीशी पण अहिराणीतच बोला, पुस्तकी मराठी शोधायला गेलात की पहिल्या वाक्यालाच अडकाल.

मागणं मात्र बारीक करा. "पोरीचं कल्याण कर" म्हटलं की ते तिच्या कानावरून जातं, पण तिला ज्याची खरी भीती वाटतेय तेच तुम्ही देवीला सांगितलं की पोर मान वर करून बघते. तुमच्यासाठी लिहून बघितलं, तुमच्या तोंडात बसेल तसं बदला:

"सप्तशृंगी माय, कानबाई माय, आणि सासूबाई तुम्ही पण ऐका. आमची पोर आज बंगलोरला निघाली, तिथं आपलं कोणी नाही. तिला नीट पोचू दे. खोलीवरच्या मुली चांगल्या भेटू दे. कामात काही समजलं नाही तर विचारायची हिंमत दे, आणि समजावून सांगणारं माणूस दे. वेळेवर जेवू दे. रात्री ताप आला तर पाणी देणारं कोणी जवळ असू दे. श्रावणात कानबाईच्या रोटाला तिला सुट्टी मिळू दे. मनी पोरले सांभाळजो माय."

रोटाचं वाक्य मी मुद्दाम टाकलंय. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा आपल्याकडे बाहेरगावची सगळी भाऊबंदकी घरी येते, हे पोरीला माहितीये, त्यामुळे परत यायची वाट त्यात आपोआप येते. पण सुट्टी देवीकडे मागा, पोरीकडून वचन घेऊ नका, नवीन नोकरीत सुट्टी तिच्या हातात नसते आणि मग ती तिथं बसून अपराधी वाटून घेते. तसंच तिच्या नावानं नवसही बोलू नका, पहिला पगार किंवा वणीच्या गडाची पायी वारी कबूल केलीत की ते तिच्या डोक्यावर कर्जासारखं बसतं. नवस बोलायचाच असेल तर तुमचा तुम्ही बोला, फेडायचाही तुम्हीच.

आणि एक गोष्ट माझ्या अनुभवाची. मी पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा आमच्या घरातल्या मोठ्यांनी देवापुढे "हिला वाईट संगत लागू देऊ नको, आमची मान खाली जाईल असं काही करू देऊ नको" असं म्हटलं, शेजारीपाजारी उभे होते, मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि मला कळलं की हे देवाला नाही, मलाच सांगतायत. आजही ते टोचतं. बोलताना तुमची नजर मूर्तीवरून पोरीकडे वळायला लागली आणि तिची मान खाली गेली की समजा प्रार्थना संपून भाषण सुरू झालंय, तिथंच थांबा. जे सांगायचंय ते आदल्या दिवशी भाकरी करताना सांगा ना तिला.

ड्रामा ती कशाला म्हणते तेही विचारा. बहुतेक मोबाईलवरच्या शूटिंगला आणि जमलेल्या गर्दीला म्हणत असेल. मग घरातलेच चार जण उभे राहा, कोणी मोबाईल काढू नका. बाहेर रिक्षा हॉर्न मारत असताना तर हे करूच नका, निघायच्या तासभर आधी, बॅगेची चेन लावायच्या आधी करा.

रडू येणारच हो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वाचा, देवी काही कागद बघून रागवत नाही. आणि तुमचा आवाज अडकला तर पुढचं वाक्य मिस्टरांनी घ्यायचं हे आधीच ठरवून ठेवा, कागद दोघांच्या मध्ये धरा. तेही अडकले तर शेवटची अहिराणीची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणा, पोरीला पण म्हणू दे.

मग कुंकू लावा, तळहातावर दही-साखर द्या. ती उंबऱ्यावरून "येते मम्मी" म्हणेल, तेव्हा "पोचलीस की फोन कर, डबा आधी खा" हे सगळं गिळून तुम्ही फक्त "ये" म्हणा.