पंचची मिनिटं आणि पगार

"अमेरिकेत तासावर काम करतो. ८:५३ ला पंच केलं तरी ९:०० धरतात. हे कायदेशीर आहे का?"

हो, पण राउंडिंग दोन्ही बाजूंनी होत असेल तरच. फेडरल नियम ७८५.४८ प्रमाणे वेळ जवळच्या पाव तासाला नेता येते, मात्र एकंदरीत कामगाराचे पैसे बुडता कामा नयेत. म्हणजे ९:०७ चेही ९:०० च व्हायला हवेत. तिथे ९:१५ लावत असतील तर ती सरळ लूट आहे. महिन्याभराचे मूळ पंच मागा, प्रत्यक्ष मिनिटांची बेरीज करा आणि पेस्लिपवरच्या तासांशी ताडून पाहा. जेवणाची अर्धा तास सुट्टी कापली, पण तेव्हा काउंटर सांभाळावा लागला, तर तो वेळही पगारात धरायला हवा. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत: कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जेवणाच्या सुट्टीच्या पंचांचं राउंडिंग अमान्य ठरवलं.