गुलमोहर फुललाय, पण कोणत्या गोलार्धात?

प्रश्न: विदर्भातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर दोन फोटो फिरतायत, "आपल्याच तालुक्यातले, या जूनचे" म्हणून. एका घरावर पत्रे टाकणं चालू आहे. एका फोटोत तीन पत्रे बसलेत, दुसऱ्यात सहा. रस्त्याकडेला गुलमोहर लालबुंद, मागच्या वावरात वीतभर पीक, शेजारच्या घरावर डिश, एका पोरीच्या अंगात स्वेटर. काही जण म्हणतात, हे आफ्रिकेतले आहेत. पाटी कुठेच दिसत नाही. झाडं, कपडे आणि आकाश बघून ऋतू आणि गोलार्ध ठरवता येतो का?

उत्तर:

येतो, पण दोन्ही गोष्टी एकाच खुणेतून निघत नाहीत. झाडं ऋतू सांगतात, गोलार्ध सांगत नाहीत. गोलार्ध कळायला एक तर फोटोची खरी तारीख हवी, नाहीतर सूर्य कोणत्या हाताला आहे ते कळायला हवं. कपड्यांचा उपयोग बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा वेगळाच आहे, त्यावर खाली येतोच.

आधी गुलमोहर. आपल्याकडे तो उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झाडतो, एप्रिलच्या शेवटी फुलायला लागतो आणि मेमध्ये नुसता लाल दिसतो. जूनमध्ये लालात पिसांसारखी हिरवी पानं भरायला लागतात आणि जुलैत हिरवं जास्त, लाल कमी होतं. म्हणजे फुलं किती यापेक्षा फुलांसोबत पानं किती, ते बघायचं. फोटो मोठा करून शेंड्याकडची फांदी बघा. पानं पूर्ण उघडलेली असतील तर मे नाही, जून किंवा त्यानंतरचं. अख्खं झाड हिरवं आणि एकाच फांदीवर दोन-चार तुरे असतील तर त्यावरून काहीच ठरवू नका, गुलमोहर अवेळीही थोडाफार फुलतो.

आता अडचण अशी की हे झाड मूळचं मादागास्करचं आणि सगळ्या उष्ण प्रदेशांत रस्त्याकडेला लावलेलं. झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक, ऑस्ट्रेलियाचं क्वीन्सलँड या भागांत ते ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत फुलतं, आणि तिथेही उन्हाळा संपून पाऊस लागायच्या बेतात असतानाच. तुमच्या फोटोतली लाल फुलं, हिरवी पानं आणि वीतभर पीक एवढंच सांगतात की पाऊस नुकताच सुरू झालाय. आपल्याकडे ते जूनअखेर ते जुलै, तिकडे साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. चित्र मात्र हुबेहूब तेच.

आंब्याचंही असंच आहे. आपल्याकडे मोहोर जानेवारी-फेब्रुवारीत, तिकडे जून ते सप्टेंबर. बोडक्या झाडांनी तर हमखास फसायला होतं. साग आपल्याकडे थंडीने नाही, कोरडेपणाने पानं टाकतो आणि एप्रिल-मेच्या भर उन्हात उघडा उभा असतो. बाहेरचा माणूस तेवढंच बघून हिवाळा समजतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागातली कोरडी रानं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तशीच दिसतात, आणि तिथला बिनपानांचा लाल पांगारा लांबून पळसच वाटतो. पिवळी-तांबडी पानगळ उत्तरेत ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि दक्षिणेत एप्रिल-मे, हा नियम थंड देशांपुरता. इथे तो कामाचा नाही.

वावरातलं पीक मोठं करून बघा. लांब पात्यासारखं पान आणि मधोमध पांढरट शीर असेल तर मका, तीन-तीन गोलसर पानं असतील तर सोयाबीन. पण मका दिसला म्हणून आफ्रिका म्हणू नका, बुलढाण्याकडे मका भरपूर आहे. वरंब्यावर लावलंय म्हणूनही नको, आता आपल्याकडेही सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरतात. पीक इथे फक्त पाऊस लागल्याचं पक्कं करतं.

कपड्यांबाबत, स्वेटरवर जास्त भर देऊ नका. जूनमध्ये आपल्याकडे रात्रीसुद्धा पारा वीसच्या खाली क्वचितच जातो, म्हणून ते पोरीचं स्वेटर खटकतं, एवढं खरं. पण स्वेटर महिना सांगत नाही, त्या वेळचा गारठा सांगतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, झांबियाची राजधानी लुसाका सुमारे 1,280 मीटरवर. तिथे भर उन्हाळ्यातल्या पावसाळी सकाळीही पोरांच्या अंगात स्वेटर असू शकतं. ताप आलेल्या पोराला मेमध्येही घालतात. शिवाय तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली गाडीवरची बाई आपल्याकडे उन्हातही दिसते आणि थंडीतही.

कपड्यांचा खरा उपयोग फोटो उलटा केलाय का ते तपासायला. सेल्फी कॅमेरा किंवा एखादं ॲप फोटोची डावी-उजवी बाजू आरशासारखी बदलतं, आणि तसं झालं असेल तर पुढची सगळी पद्धत बरोब्बर उलटं उत्तर देते. पाटी नसेल तेव्हा पुरुषाचा शर्ट बघायचा. खिसा एकच असेल तर तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो, आणि डावी पट्टी उजवीवर येते. माणूस समोर तोंड करून उभा असेल तर खिसा तुमच्या उजव्या हाताला दिसायला हवा. पत्रे टाकणाऱ्यांपैकी कुणाचा खिसा दिसतोय का ते आधी बघा. एकाऐवजी दोघांचे दिसले तर उत्तम. साडीचा पदरही चालतो, पण गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर घेणाऱ्या बाया असतात, म्हणून खिसा बरा.

आता आकाश. "दुपारची सावली उत्तरेला पडली तर उत्तर गोलार्ध, दक्षिणेला पडली तर दक्षिण" हा नियम सगळीकडे सांगितला जातो, आणि नेमका गुलमोहराच्या दिवसांत तो विदर्भात चालत नाही. नागपूर 21 अंश उत्तरेवर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. 21 जूनला तर तो उगवतोच पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेकडे आणि दिवसभर उत्तर बाजूलाच राहतो. लुसाका 15 अंश दक्षिणेवर. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारी दक्षिणेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणजे दोन्हीकडे गुलमोहर लाल असताना सावली खोटं बोलते. त्यात जूनमधल्या दुपारी नागपुरात आठ मीटरच्या खांबाची सावली जेमतेम फूटभर, ती मोजणार काय?

म्हणून सूर्य उत्तरेला की दक्षिणेला हे सोडा, तो डावीकडे की उजवीकडे ते बघा. त्यासाठी डिश लागते. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, त्यामुळे आपल्याकडच्या डिश दक्षिणेकडे, आग्नेयेला थोड्या कललेल्या असतात. नागपुरातून 83 अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे बघणारी डिश दक्षिणेपासून साधारण 11 अंश पूर्वेकडे वळलेली असते, 93.5 अंशाच्या उपग्रहाकडे बघणारी साधारण 35 अंश. दक्षिण गोलार्धात डिश उत्तरेकडे बघतात. डिश जिकडे बघते तिकडे तोंड करून उभे आहात असं समजा. उत्तर गोलार्धात सकाळचा सूर्य डाव्या हाताला येईल, दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. हे जूनमध्येही खरं आणि डिसेंबरमध्येही.

फक्त सकाळ आहे की संध्याकाळ हे पक्कं हवं, आणि ते तुमच्या दोन फोटोंत आहे. तीन पत्र्यांचा फोटो आधीचा, सहा पत्र्यांचा नंतरचा, यात वाद नाही. आता दोन्ही फोटोंत एकाच खांबाच्या सावलीचं टोक शोधा आणि जवळच्या न हलणाऱ्या वस्तूशी ताडून बघा: विहिरीचा काठ, ओट्याचा कोपरा, एखादा दगड. माणसाची सावली घेऊ नका, माणूस वाकतो, सरकतो. नंतरच्या फोटोत सावली आखूड झाली असेल तर सकाळ, लांबली असेल तर दुपारनंतर. तीन पत्रे बसवायला अर्धा-पाऊण तास जातोच, आणि सावली खांबाच्या उंचीएवढी असताना वीस मिनिटांतही ती सुमारे सहाव्या हिश्श्याने आटते. एवढा फरक डोळ्यांनी दिसतो.

समजा, सावली आखूड झालीय, म्हणजे सकाळ. डिशची पाठ तुमच्याकडे आहे, म्हणजे ती फोटोच्या आत बघतेय. सावल्या डाव्या हाताला पडल्यात, म्हणजे सूर्य उजवीकडे. उजवा हात पूर्व, तर समोर उत्तर, आणि डिश उत्तरेकडे बघतेय. खिसा सरळ असेल तर हा दक्षिण गोलार्ध. सावल्या उजवीकडे असत्या तर समोर दक्षिण आली असती आणि "आपला तालुका" हा दावा निदान टिकला असता. सावली किंचित पुढे झुकलीय की मागे, याचा अर्थ लावत बसू नका. डिशच 30-35 अंश तिरपी असू शकते, तेवढ्यात तो फरक बुडून जातो.

विषुववृत्ताच्या आठ-दहा अंशांच्या आत ही पद्धत वापरू नका. केनिया, इंडोनेशियात डिश जवळजवळ आभाळाकडे तोंड करून असते, दिशा कळत नाही. गंजून लोंबलेली, वाऱ्याने फिरलेली डिश धरू नका. शक्यतो दोन घरांवरच्या डिश एकाच बाजूला बघतायत का ते पाहा. इंटरनेटची चपटी चौकोनी पाटी मुळीच धरू नका, तिचा उपग्रह एका जागी नसतो.

तारखेचं एक. फाइलचं नाव `IMG-20240614-WA0031.jpg` असं काही असेल तर ती तारीख फोटो काढल्याची नाही, व्हॉट्सॲपवर तो फोनमध्ये आला त्या दिवसाची आहे. फोटो त्यानंतरचा नाही, एवढंच तिच्यावरून कळतं. दक्षिण गोलार्ध निघाला तर गुलमोहराच्या हिशेबाने तो ऑक्टोबर ते जानेवारीत काढलेला असणार, म्हणजे जूनमध्ये फिरताना निदान चार महिने जुना.

तसं निघालं तर ग्रुपवर "हा आपल्याकडचा जून नाही" एवढं ठामपणे लिहा. "आफ्रिका" लिहू नका. गुलमोहर, पत्रे आणि डिश ब्राझीलमध्ये आहेत, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेलाही आहेत. देश ठरवायला विजेच्या खांबाची बनावट, गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूने चाललीय, मातीचा रंग हे लागेल. दोन्ही मूळ फोटो न दाबता, डॉक्युमेंट म्हणून इथे टाका, मग खांबापासून सुरुवात करू.