सुनीतातली कलाटणी नेमकी कुठे आणि कशी आणायची?

प्रश्न: बायकोसाठी चौदा ओळींचं सुनीत लिहायचं आहे. यमकं जुळतात, पण शेवटपर्यंत तेच तेच वाटतं. कलाटणी म्हणजे फक्त नवव्या ओळीत ‘पण’ लिहायचं का?

उत्तर:

‘पण’ लिहून भागत नाही, हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलो. दोन वर्षांपूर्वी बायको महिनाभर माहेरी गेली होती. सोलापूरचा मे महिना, घरात मी एकटा. तेव्हा लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यात पहिल्या कडव्यात ती स्वयंपाकघरात नव्हती, दुसऱ्यात खोलीत नव्हती, आणि तिसरं कडवं ‘पण’ने सुरू होऊन ती सिद्धेश्वर तलावाकाठीही नव्हती! मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “कळलं, ती नाहीये. पुढं?”

‘पुढं?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कलाटणी. पहिल्या आठ ओळींत कवी एक गोष्ट ठामपणे मांडतो आणि उरलेल्या सहांत त्याच गोष्टीकडे बघण्याची त्याची नजर बदलते. इटालियन घडणीत हे आठ आणि सहा असे दोन भाग स्पष्ट असतात. इंग्रजी घडणीत चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी एक जोडओळ असते. तिथे कलाटणी नवव्या ओळीत येते, किंवा थेट तेराव्यात. तेराव्यापर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं, कारण मनाला वळायला दोनच ओळी उरतात आणि कविता विनोदाच्या शेवटासारखी टाळी मागते.

केशवसुतांनी हा प्रकार मराठीत आणला तेव्हा त्याला चतुर्दशक म्हणत. पुढे बरीच सुनीतं शार्दूलविक्रीडितात लिहिली गेली, म्हणजे ओळीला एकोणीस अक्षरं आणि बाराव्यावर यती. घरातल्या बोलण्याला ते वृत्त मला फार भारदस्त वाटलं, म्हणून मी सोळा मात्रांचं पादाकुलक घेतलं, आठ-आठ मात्रांचं. दुरुस्तीनंतरची कविता अशी:

तू गेल्यावर घरात नाही
ओट्यापाशी गुणगुण गाणे;
खलबत्त्यातच उरले काही
चटणीचे ते लालस दाणे.

ऊन उतरते भिंतीवरुनी,
पंखा नुसता गरगर फिरतो;
तुझीच चादर घडी मोडुनी
रात्रीला मी कवेत धरतो.

पण परवा बघ भाकर फिरली
तुझ्यासारखी हातावरती,
तीच चुकीची चाल उतरली
गाण्याची मग ओठांवरती.

घरात नाही म्हटले, खोटे;
तुझीच झाली माझी बोटे.

यमकांची रचना पहिली-तिसरी, दुसरी-चौथी अशी आहे आणि शेवटच्या दोन ओळी एकमेकींशी जुळतात. (‘हातावरती-ओठांवरती’ ही पळवाट आहे, मान्य. त्याहून बरं सापडलं नाही.)

आता यातलं ‘पण’ बघा. तलावाच्या खर्ड्यातही तो शब्द होता, पण त्यामागे नवीन काही नव्हतं, यादीच लांबत होती. इथे पहिल्या ओळीत मी ‘घरात नाही’ असा दावा केला आहे आणि नवव्या ओळीपासून तोच दावा डळमळायला लागतो. भाकरी आणि गाणं हा त्याविरुद्धचा पुरावा. तेराव्या ओळीत मी स्वतःलाच खोटं पाडतो. शेवटची जोडओळ इथे नवी कलाटणी आणत नाही, नवव्या ओळीत सुरू झालेली पूर्ण करते.

हे काम करतं, कारण सहा ओळींमधलं सामान आठ ओळींमधून आलं आहे. गाणं दुसऱ्या ओळीत हरवतं आणि अकराव्या-बाराव्या ओळीत माझ्याच तोंडून परत येतं. भाकरी नवी असली तरी ती त्याच ओट्यावरची आहे. पहिल्या खर्ड्यानंतर आधी मी चंद्र आणला होता. पहिल्या आठ ओळींत त्याचं नावनिशाण नव्हतं, त्यामुळे तो बाहेरून चिकटवल्यासारखा दिसत होता.

तुमच्या कवितेत कलाटणी आहे का, हे तपासायला दुसरं आणि तिसरं कडवं अदलाबदल करून वाचा. अर्थ तसाच लागला, तर कलाटणी नाही. माझ्या जुन्या खर्ड्यात ‘पण’ खोडून तलाव आधी आणि खोली नंतर घेतली असती, तरी काही बिघडलं नसतं. वरच्या कवितेत तसं करून बघा: भाकरी हातावर फिरून झाल्यावर चादर कवेत घेणं उलटं, मागे गेल्यासारखं वाटतं.

तुमच्या खर्ड्यात आठ ओळी कौतुकाच्या असतील, तर त्यातला दावा शोधा. ‘तू सुंदर आहेस’ यात खोटं पाडण्यासारखं काही नाही, म्हणून तिथून वळायला जागा मिळत नाही. ‘मला तुझं सगळं माहीत आहे’ असं म्हणा. मग नवव्या ओळीत तिची एखादी अशी सवय येऊ द्या, जी इतकी वर्षं तुमच्या लक्षातच आली नव्हती.