टिटवीची वीत

"बाबा, छोटूला रोज रात्री गोष्ट मीच सांगते. शेवटी म्हण आली की तो झोपतो. पण आता त्याला सगळ्या म्हणी पाठ झाल्यात. दया करण्यावर एक नवी म्हण पाठव, गोष्टीसकट. आणि म्हण करतात कशी, तेही सांग."

प्रिय मनू,

आधी गोष्ट, मग कारागिरी. गोष्ट आपल्याकडचीच आहे, खाजनातली, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतली.

गोव्यातल्या चोडण बेटावर एक तुकू होता. त्याच्या आजोबांचे शेत नदीला लागून होते आणि मध्ये होता मातीचा बांध. नदीचे पाणी खारे. ते शेतात शिरले तर रोपे जळतात, म्हणून आजोबा रोज संध्याकाळी बांधावर फेरी मारायचे. तुकू मागे मागे.

ज्येष्ठ महिना होता. पहिला पाऊस पडून पेरणी झाली होती. बांधावरच्या पायवाटेच्या कडेला तुकूला चार अंडी दिसली. मातीच्याच रंगाची, वर काळे डाग. घरटे असे नव्हतेच, नुसता खळगा आणि चार खडे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. "टिटिव् टिव्! टिटिव् टिव्!"

तुकूने अंड्यांना हात लावला नाही. वाटेच्या बाजूने त्याने चिऱ्याचे तीन तुकडे ओळीने मांडले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय वीतभर पलीकडे पडेल. एक शेतकरी कुरकुरला, "पाखरासाठी वाट वाकडी कशाला?" आजोबा म्हणाले, "वीतभर सरकून चाललो तर बांध काही मोडत नाही."

मग अमावास्या आली. रात्री नदीला उधाण आले, पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत चढले. बांधात पाणी आत-बाहेर सोडायला मानस असते, त्या मानशीची दारे नेहमीसारखी भरतीच्या रेट्याने आपोआप मिटली. सगळा गाव झोपला. आणि टिटवी ओरडू लागली.

रोज ती ओरडायची आणि माणूस पुढे गेला की गप्प व्हायची. आज ती थांबेचना. आजोबा उठून बसले. "तुकू, बॅटरी घे." ते बांधावर पोहोचले तर अंड्यांच्या थोडे खाली, शेताच्या बाजूला, कुर्लीच्या बिळातून पाण्याची धार लागली होती. आजोबांनी धारेखाली ओंजळ धरली. पाणी गढूळ होते. "माती वाहतेय. बांध आतून पोखरतोय."

तुकू धार बुजवायला धावला. आजोबांनी त्याला थांबवले. "इथून बुजवलेस तर पाणीच बोळा बाहेर ढकलेल. नदीच्या बाजूने घाल. मग पाणी स्वतःच तो आत दाबून बसवील." पेंढा आणि चिकणमाती मळून त्यांनी नदीच्या बाजूच्या तोंडात कोंबली. धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही थांबले. टिटवी गप्प झाली.

पुढे चारही पिल्ले अंड्यांतून बाहेर आली आणि थोड्याच वेळात तुरुतुरु पळू लागली. आश्विनात भात कापले. नव्या तांदळाचे शीत ताटात पडले तेव्हा आजोबांनी पहिला घास तुकूला भरवला आणि म्हणाले :

टिटवीला वीत, घराला शीत.

झाली गोष्ट. आता कारागिरी.

मी पहिल्यांदा लिहिले होते, "दुसऱ्यावर दया करावी, देव आपले भले करतो." वाचून बघ, शाळेच्या भिंतीवर रंगवलेले वाटते. म्हणीत गुणाचे नाव घेतले की ती उपदेश होते. "नाचता येईना अंगण वाकडे" यात सबब हा शब्द कुठे आहे? अंगण आहे. डोळ्यांना दिसेल असे काहीतरी लागते. म्हणून दया काढली आणि टिटवी ठेवली.

दुसरा प्रयत्न होता, "टिटवीचे घरटे राखले, टिटवीने शेत राखले." हे खरे आहे, पण बातमी झाली. दोनदा टिटवी, दोनदा राखले, आणि दोन क्रियापदे. "अति तेथे माती" किंवा "आधी पोटोबा, मग विठोबा" म्हणून बघ, क्रियापदच नाही. ते ऐकणारा मनात भरतो आणि भरताना म्हण त्याची होते. मग मी क्रियापदे गाळली आणि यमकाला दोन छोटे शब्द शोधले. वीत म्हणजे पंजा ताणल्यावर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर, बारा अंगुळे. शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक दाणा, आणि आपल्या शीतकडीतला सगळा भातही. दिले ते थोडे, मिळाले तेही मोजकेच. "घराला सोने" केले असते तर यमकही तुटले असते आणि लबाडीही झाली असती.

म्हण उभी राहते की नाही, हे बघायला ती गोष्टीबाहेर काढून वापरायची. शेजारच्या आजींसाठी बसमध्ये कुणी जरा सरकून जागा केली, तर "टिटवीला वीत" एवढे अर्धेच म्हणून चालते का? चालते. पुढचे अर्धे ऐकणाऱ्याच्या तोंडात येते. मग ती म्हण, नाहीतर नुसते यमक.

छोटू कदाचित म्हणेल, टिटवीची म्हण मला ठाऊक आहे, "टिटवी देखील समुद्र आटवते." त्याला सांग, ती जिद्दीची, ही शेजाराची. पाखरू एकच असले तरी म्हणी दोन होतात. आणि कुणी म्हणाले की रात्री टिटवी ओरडणे अशुभ, तर वाद घालू नकोस. गोष्टीतही गावाने ते अशुभ समजून कूस बदलली असे एक वाक्य घालता येईल. मला ते आवडले असते, पण गोष्ट लांबली असती.

सांगताना एकच गोष्ट सांभाळ. टिटवीला बोलायला लावू नकोस. "तू माझी अंडी राखलीस, म्हणून मी तुला उठवले" असे ती म्हणाली की दयेचा सौदा होतो, आणि छोटू उद्या मांजराला दूध घालून परतफेडीची वाट बघत बसेल. ती ओरडली ती पाणी अंड्यांजवळ आले म्हणून. पाखराचे तेवढेच काम. तुकूने जागा दिली म्हणून ती तिथे होती, एवढेच ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, आणि तेही आपण न सांगता.

टिटवीचा आवाज पहिल्यांदा मोठ्याने काढ. अमावास्येच्या रात्रीचा मात्र हळू, नाहीतर तो उठून बसेल. धार थांबते तिथे तीन वाक्ये आहेत, प्रत्येकानंतर एक श्वास घे. त्याचे डोळे बहुधा तिथेच मिटतील. म्हण सांगितल्यावर "म्हणजे काय कळले?" असे विचारू नकोस. दिवा घालव.

त्याने उद्या विचारलेच की कुर्लीचे काय झाले, तर सांग, तिने चार हात पुढे दुसरे बीळ केले. कुर्ल्या बिळे करतातच, म्हणून आजोबा रोज संध्याकाळी फेरी मारतात.

तुझा,
बाबा